तीन रसायने आणि दोन शेजारी

1 जुलै 2019 रोजी जपानच्या अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने एक घोषणा केली. फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड, फोटोरेझिस्ट आणि हायड्रोजन फ्लोराइड ही तीन रसायने दक्षिण कोरियाला पाठवायची असतील, तर 4 जुलैपासून प्रत्येक व्यवहारासाठी वेगळा परवाना घ्यावा लागेल, एवढेच तिच्यात होते. बंदी नव्हती, जादा कर नव्हता. तोवर जपानी कंपनीला एकच ठोक परवाना मिळे आणि त्यावर ती तीन वर्षे माल पाठवू शके. आता प्रत्येक करारामागे अर्ज करायचा, माल शेवटी कोण आणि कशासाठी वापरणार याची कागदपत्रे जोडायची आणि मंजुरीची वाट पाहायची. या मंजुरीला 90 दिवसांपर्यंत वेळ लागू शकत होता. टोकियोतल्या एका खात्याने अर्जाची पद्धत बदलली, आणि सोलमध्ये राष्ट्राध्यक्षांपासून शेअर बाजारापर्यंत सगळे खडबडून जागे झाले.

राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्या मुलांना एक प्रश्न हमखास येतो: शेजारी देशांमधला एखादा व्यापारतंटा घ्या आणि त्याला वास्तववाद व उदारमतवाद हे दोन सिद्धांत लावून दाखवा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनाही हा प्रश्न चुकत नाही. असे निबंध मी बरेच वाचले आहेत. बहुतेकांचा सांगाडा एकच असतो. आधी तंट्याची हकिकत, मग ‘वास्तववादानुसार राष्ट्रे सत्तेसाठी झगडतात’, मग ‘उदारमतवादानुसार राष्ट्रे सहकार्य करतात’, आणि शेवटी ‘दोन्ही सिद्धांत अंशतः खरे आहेत’. या निबंधातली देशांची नावे खोडून दुसरी घातली तरी एक वाक्यही बदलावे लागत नाही. सिद्धांत लावलाच गेला नाही याची ही सर्वांत सोपी खूण आहे. सिद्धांत लावणे म्हणजे त्याच्याकडून एक ठाम अपेक्षा काढून घेणे. तो खरा असेल तर या तंट्यात काय दिसायला हवे आणि काय दिसता कामा नये, हे आधी ठरवायचे आणि मग घडलेले तपासायचे. जपान-कोरियाचा तंटा यासाठी फार उपयोगी आहे, कारण त्यात दोन्ही सिद्धांतांना पास होण्याची संधी मिळते आणि नापास होण्याचीही.

आधी तंट्याचे मूळ. 1910 ते 1945 कोरिया जपानची वसाहत होता. युद्धकाळात कोरियन माणसांना जपानी कारखान्यांत आणि खाणींत सक्तीने राबवले गेले. 1965 मध्ये दोन्ही देशांनी संबंध पूर्ववत करणारा करार केला. जपानने 30 कोटी डॉलरचे अनुदान आणि 20 कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि मालमत्ता व दाव्यांचा प्रश्न ‘पूर्णपणे आणि अंतिमतः’ मिटल्याचे दोघांनी लिहून दिले. जपान आजही त्या शब्दांवर बोट ठेवतो. पण 30 ऑक्टोबर 2018 रोजी दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळा निकाल दिला. बेकायदा वसाहती राजवटीत झालेल्या छळाची भरपाई त्या करारात मोडत नाही, असे सांगून त्याने निप्पॉन स्टील या कंपनीला चार कामगारांना प्रत्येकी 10 कोटी वोन देण्याचा हुकूम केला. पुढच्याच महिन्यात मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजविरुद्ध तसाच निकाल आला. मग जपानी कंपन्यांची कोरियातली मालमत्ता जप्त करण्याची प्रक्रिया सुरू झाली. जपानने लवाद नेमण्याची मागणी केली, कोरियाने ती मानली नाही, आणि त्यानंतर जुलैची घोषणा आली.

इथे निबंध लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावे. ही कारवाई म्हणजे निकालाचा सूड आहे, हे कोरियाचे म्हणणे होते. जपानने ते अधिकृतपणे नाकारले. कोरियाच्या निर्यात-नियंत्रणात त्रुटी आढळल्या, परस्परविश्वास उरला नाही, म्हणून सुरक्षेसाठी नियम कडक केले, असे त्याचे म्हणणे होते. दोन्ही दावे दावे म्हणूनच मांडायचे आणि मग पुरावा कुठे झुकतो ते पाहायचे. माझे मत सांगायचे तर वेळ आणि वस्तूंची निवड पाहता न्यायालयाच्या निकालाशी संबंध नव्हता असे मानणे कठीण आहे. पण हे पुराव्यावरून काढलेले अनुमान आहे, आणि निबंधातही ते तसेच लिहायला हवे.

आता वास्तववाद. त्याचा गाभा असा: राष्ट्रांच्या वर कोणी पोलीस नाही, म्हणून प्रत्येकाला आपली सुरक्षा आपणच पाहावी लागते, आणि म्हणून व्यापारातही ‘मला किती मिळाले’ यापेक्षा ‘त्याला माझ्याहून जास्त मिळाले का’ हा प्रश्न मोठा ठरतो. केनेथ वॉल्ट्झ यांनी 1979 च्या त्यांच्या ग्रंथात ही मांडणी नेटकी केली. पण व्यापारतंट्यासाठी मला त्याहून जुना माणूस जास्त कामाचा वाटतो. अल्बर्ट हर्शमन यांनी 1945 मध्ये नाझी जर्मनीचा आग्नेय युरोपातल्या छोट्या देशांशी चाललेला व्यापार अभ्यासून दाखवले, की व्यापार थांबवण्याची ताकद हीच एक सत्ता असते. दोन देशांत देवघेव आहे म्हणजे दोघे सारखेच बांधलेले असतात असे नाही. ज्याला देवघेव थांबल्यावर कमी दुखते, त्याच्या हातात दोर असतो.

या वाचनातून काढता येणारी अपेक्षा अशी. जपानने खरोखर दबावाचे हत्यार म्हणून व्यापार वापरला असेल, तर त्याने निवडलेल्या वस्तूंमध्ये दोन गुण दिसले पाहिजेत: त्या विकण्यातून जपानला फार कमी मिळत असावे, आणि त्यांच्यावाचून कोरियाचे फार मोठे अडावे.

ही तीन रसायने जवळून पाहू. चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवर फोटोरेझिस्टचा अतिपातळ थर देतात. त्यावर नक्षीतून प्रकाश टाकला की जिथे प्रकाश पडतो तिथला थर बदलतो आणि सर्किटची आकृती उमटते. मग नको असलेला ऑक्साइडचा भाग हायड्रोजन फ्लोराइडने विरघळवून काढतात. त्यासाठी हे रसायन कमालीचे शुद्ध लागते. 99 नंतरच्या दशांशांत ओळीने नऊच येत राहावेत इतके, कारण धातूचा लवलेश राहिला तरी चकती वाया जाते. तिसरे, पॉलिइमाइड, घडी घालता येणाऱ्या पडद्यांसाठी लागते. पहिली दोन फार काळ साठवून ठेवता येत नाहीत. फोटोरेझिस्टचे गुण काही महिन्यांत उतरतात, आणि हायड्रोजन फ्लोराइड इतके जहाल की ते साठवणे हीच जोखीम. म्हणजे कारखान्याकडे वर्षभराचा साठा असण्याची शक्यताच नाही, आणि 90 दिवसांची रखडपट्टी ही बंदीच्या जवळ जाऊन पोचते.

आता आकडे, मोजकेच. 2019 च्या पहिल्या पाच महिन्यांत कोरियाने जपानकडून ही तिन्ही रसायने मिळून सुमारे 14 कोटी 40 लाख डॉलरची घेतली. पॉलिइमाइड आणि फोटोरेझिस्ट यांच्या कोरियन आयातीत जपानचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर होता, हायड्रोजन फ्लोराइडमध्ये साधारण 44 टक्के. आणि कोरियाची 2018 मधली चिपची निर्यात होती सुमारे 12,600 कोटी डॉलरची, म्हणजे एकूण निर्यातीचा पाचवा हिस्सा. पिठाच्या गिरणीचा पट्टा काही शे रुपयांना मिळतो, पण तो तुटला की गिरणी थांबते. जपानने गिरणीला हात लावला नाही, पट्टा पकडला. पोलाद, मोटारी, यंत्रे अशा मोठ्या उलाढालीच्या वस्तूंना जुलैत धक्काही लागला नाही. वास्तववादाची अपेक्षा इथे इतकी नेमकी जुळते, की निबंधातला हा परिच्छेद सर्वांत लांब असायला हरकत नाही.

दुसरी वास्तववादी खूण म्हणजे बदललेले तोलमाप. 1965 मध्ये करार करताना कोरिया गरीब होता आणि त्याला जपानी पैशांची निकड होती. 2018 पर्यंत क्रयशक्तीच्या हिशेबात कोरियाचे दरडोई उत्पन्न जपानच्या बरोबरीला आले होते, आणि मेमरी चिपच्या धंद्यात, जिथे 1980 च्या दशकात जपानी कंपन्यांचे राज्य होते, तिथे सॅमसंग आणि एसके हायनिक्स पुढे गेल्या होत्या. दुबळ्याने केलेला करार तो सबळ झाल्यावर नव्याने वाचतो, हे वास्तववादाला अपेक्षितच आहे. तरी थोडे सावध राहावे. मानाची चढती कमान सगळे समजावून देत नाही, कारण ती चार दशके चढत होती आणि तंटा 2019 मध्येच झाला.

इथवर आलेला विद्यार्थी खूश होऊन थांबतो. खरे काम इथून पुढे आहे, कारण वास्तववाद ज्या जागी अडखळतो ती जागा याच तंट्यात आहे. जपान आणि दक्षिण कोरिया दोघेही अमेरिकेचे संरक्षण-करारबद्ध मित्र. दोघांसमोर उत्तर कोरियाची अण्वस्त्रे आणि चीनची वाढती ताकद. समान धोका असला की शेजारी जवळ येतात, असे हा सिद्धांत सांगतो. व्हिक्टर चा यांनी 1999 च्या पुस्तकात याच दोन देशांबद्दल आणखी नेमके विधान केले होते: अमेरिका आपल्याला वाऱ्यावर सोडेल अशी भीती दोघांनाही वाटते तेव्हा ते जुनी भांडणे बाजूला ठेवून एकत्र येतात, आणि अमेरिका भक्कम उभी असते तेव्हा निवांत भांडतात. 2019 मध्ये ट्रम्प दोन्ही देशांकडे लष्करी तळांच्या खर्चाचा वाढीव वाटा मागत होते आणि किम जोंग-उन यांच्याशी हस्तांदोलन करत होते. भीती वाटायला पुरेसे कारण होते. तरीही 22 ऑगस्टला कोरियाने जाहीर केले की जपानशी असलेला लष्करी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार, जो 2016 मध्ये झाला होता, आता पुढे चालवायचा नाही. म्हणजे रसायनांच्या परवान्यावरून भांडण सुरू झाले आणि उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांविषयीची माहिती एकमेकांना न देण्यापर्यंत पोचले. सुरक्षा सर्वांत वर ठेवणाऱ्या राष्ट्राने असे करायला नको होते. वास्तववादाला इथे गुण कापून घ्यावे लागतात. ते काही अंशी परत मिळतात 22 नोव्हेंबरला: करार संपायला काही तास उरले असताना अमेरिकेच्या दबावाखाली कोरियाने तो संपवण्याचा निर्णय स्थगित केला.

आता उदारमतवाद. ‘व्यापार वाढला की भांडणे होत नाहीत’ हे त्याचे सर्वांत दुबळे रूप आहे, आणि निबंधांत नेमके तेच येते. तेवढेच घेतले तर तंटा झाला म्हणजे सिद्धांत खोटा, असे दोन ओळींत आटोपते. पण या घराण्यात तीन वेगळे विचार आहेत आणि त्यांच्या अपेक्षाही वेगळ्या आहेत. एक व्यापारातल्या गुंतवणुकीचा, दुसरा संस्थांचा, तिसरा देशांतर्गत हितसंबंधांचा. तिघांना वेगवेगळे तपासायला हवे.

गुंतवणुकीच्या बाबतीत रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय यांनी 1977 मध्ये केलेला भेद फार मोलाचा आहे. एखाद्या धक्क्याची झळ लगेच किती लागते ही एक गोष्ट, आणि पर्याय शोधल्यावरही किती लागत राहते ही दुसरी. जपानने पहिली गोष्ट बरोबर मोजली होती. दुसरी मोजताना काय झाले ते हायड्रोजन फ्लोराइडच्या गोष्टीत दिसते. कोरियन सरकारने देशी उत्पादनाला पैसा आणि सवलती दिल्या, सोलब्रेन या कंपनीने द्रवरूप रसायनाची अतिशुद्ध श्रेणी तयार केली, आणि 2020 मध्ये एसके मटेरियल्सने वायुरूपातले उत्पादन सुरू केले. 2018 मध्ये कोरियाने जपानकडून सुमारे 6 कोटी 70 लाख डॉलरचे हायड्रोजन फ्लोराइड घेतले होते. 2020 मध्ये हा आकडा 1 कोटीच्या आत आला. फटका बसला तो स्टेला केमिफा आणि मोरिता केमिकल या जपानी उत्पादकांना. त्यांचा न्यायालयाच्या निकालाशी काडीचा संबंध नव्हता.

फोटोरेझिस्टची गोष्ट मात्र तशी नाही, आणि ती वगळणारा निबंध अर्धाच खरा ठरतो. या रसायनाचे सूत्र कंपन्यांच्या पोटात असते आणि प्रत्येक चिपच्या पिढीसाठी ते ग्राहकाबरोबर बसून घडवावे लागते. तिथे कोरियाला जपानला पर्याय उभा करता आला नाही आणि जपानी मालाची आयात तशी घसरली नाही. सॅमसंगने काही पुरवठा बेल्जियममधून मिळवला, पण तिथला उत्पादक म्हणजे जेएसआर या जपानी कंपनीचीच भागीदारी. टोकियो ओहकाचा कारखाना तर कोरियात इंचॉनमध्येच आहे. कंपन्यांनी राष्ट्रांच्या सीमेला वळसा घातला. सरकारे एकमेकांशी बोलत नव्हती तेव्हा पुरवठादार आणि ग्राहक रोज बोलत होते, परवान्यांचे अर्ज भरत होते. ऑगस्टमध्ये पहिला परवाना मिळाला, डिसेंबरमध्ये फोटोरेझिस्टवरचा नियम थोडा सैल झाला, आणि कोरियातला एकही मोठा चिप कारखाना या रसायनांवाचून बंद पडला नाही. गुंतवणूक भांडण टाळू शकली नाही, पण तिने त्याला तळ आणि कड लावली. उदारमतवादाचा हा पहिला धागा मला यावरून टिकाऊ वाटतो.

संस्थांच्या धाग्याचे काय? उदारमतवादी म्हणतात, नियम आणि पंच असले की भांडणे चौकटीत राहतात. सप्टेंबर 2019 मध्ये कोरिया जागतिक व्यापार संघटनेकडे गेला. खटल्याचा क्रमांक 590. कोरियाचा आधार होता गॅट कराराच्या कलम 11 चा, जे निर्यातीवर अशी बंधने घालू देत नाही. जपानच्या हाताशी होते कलम 21, राष्ट्रीय सुरक्षेसाठी सूट देणारे. आपली सुरक्षा कशात आहे हे प्रत्येक राष्ट्राने स्वतः ठरवायचे की पंचांनी? त्याच वर्षी एप्रिलमध्ये रशिया आणि युक्रेन या दुसऱ्या शेजाऱ्यांच्या खटल्यात संघटनेच्या पंचमंडळाने सांगितले होते की हे कलम उच्चारले म्हणजे प्रश्न संपला असे नाही, पंच त्यात लक्ष घालू शकतात. त्यामुळे कोरियाची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पण 11 डिसेंबर 2019 पासून संघटनेचे अपील मंडळच ठप्प झाले, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या होत्या. हरणारा पक्ष बंद मंडळाकडे अपील करून निकाल लटकवू शकणार होता. जुलै 2020 मध्ये पंचमंडळ स्थापण्याचे ठरले, निकाल मात्र कधीच आला नाही. याच दोन देशांत फुकुशिमाजवळच्या समुद्रातल्या मासळीचा खटला एप्रिल 2019 मध्ये अपिलात सुटला होता आणि तो कोरियाच्या बाजूने गेला होता. म्हणजे आठ महिन्यांपूर्वीपर्यंत हीच संस्था या दोघांचे भांडण निकाली काढू शकत होती. संस्था चालू असते तेव्हा उदारमतवाद दिसतो, आणि ती बंद पाडण्याची ताकद एका बड्या राष्ट्राकडे असते तेव्हा वास्तववाद. या एका खटल्यात दोन्ही लागोपाठ दिसले.

तिसरा धागा देशाच्या आतला, आणि तो विद्यार्थी बहुधा विसरतात. अँड्र्यू मोराव्हचिक यांनी 1997 मध्ये आग्रहाने मांडले की राष्ट्राला काय हवे हे आधी देशातले गट ठरवतात, सत्तेचे गणित नंतर येते. आता तारखा पाहा. 28 आणि 29 जूनला ओसाकात जी-20 ची बैठक झाली आणि यजमान जपानने खुल्या, भेदभावरहित व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या. दोन दिवसांनी रसायनांची घोषणा. 21 जुलैला जपानच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक. जपानी मतदारांत कोरियाबद्दलचा कडक पवित्रा लोकप्रिय होता. सोलमध्ये मून जे-इन यांच्या मागे वसाहतकाळाबद्दल नमते घेऊ नका म्हणणारा मोठा वर्ग होता, आणि एप्रिल 2020 मध्ये तिथेही संसदेची निवडणूक होती. त्यातच कोरियन ग्राहकांनी जपानी मालावर बहिष्कार टाकला. सरकारने तसा हुकूम काढला नव्हता. जपानी बिअरची कोरियात जाणारी निर्यात ऑक्टोबर 2019 मध्ये शून्यावर आली. 2018 मध्ये सुमारे 75 लाख कोरियन पर्यटक जपानला गेले होते, 2019 मध्ये 56 लाखांच्या आसपास. त्सुशिमा बेटावरचे खानावळवाले आणि होटेलवाले कोरियन प्रवाशांवरच जगत. त्यांचे हाल सत्तेच्या कुठल्याही हिशेबात धरले गेले नव्हते. वास्तववाद देशाला एकजीव ठोकळा मानतो, म्हणून हे त्याला दिसत नाही. तंटा नेमका तेव्हाच का पेटला, याचे उत्तर मला या धाग्यातच सापडते.

हाच धागा किती महत्त्वाचा असतो ते आपल्या नाशिक-लासलगावकडच्या वाचकाला दुसऱ्या उदाहरणावरून पटेल. 29 सप्टेंबर 2019 रोजी भारताने कांद्याची निर्यात बंद केली, बांगलादेशात भाव भडकले, आणि पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन जाहीर नाराजी व्यक्त केली. बाहेरून पाहिले तर मोठ्या शेजाऱ्याने लहान्याची अडवणूक केल्यासारखे दिसते. पण बंदी बांगलादेशासाठी नव्हतीच, ती सर्वच देशांसाठी होती आणि तिचे कारण भारतातल्या शहरी ग्राहकाची ओरड हे होते. टोकियोची घोषणा एका देशाचे नाव घेऊन होती, दिल्लीची तशी नव्हती. व्यापाराचे बंधन दिसले की लगेच सत्तेचा डाव वाचणाऱ्याने आधी आदेशाचा मजकूर वाचावा.

मग निबंधात निष्कर्ष काय लिहायचा? ‘दोन्ही अंशतः खरे’ हे वाक्य मला इतके खटकते, कारण ते कोणता अंश हे सांगत नाही. या तंट्यात तो सांगता येतो. हत्यार कोणते निवडले, हे वास्तववाद चोख सांगतो. ते केव्हा उचलले आणि ते बोथट का झाले, हे उदारमतवाद सांगतो. आणि मुळात राग कशाचा, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही. नव्वदी ओलांडलेल्या कामगाराला आपल्या वेठबिगारीची कबुली हवी होती, आणि दुसऱ्या बाजूला 1965 चा कागद म्हणजे अखेरचा शब्द होता. अस्मिता आणि स्मृती यांना मध्यवर्ती मानणारा तिसरा पंथ यावर बोलतो, आणि प्रश्नात त्याचे नाव नसले तरी एक परिच्छेद त्याला द्यावा.

तंटा मिटला तोही याच पद्धतीने तपासावा. 6 मार्च 2023 रोजी राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांच्या सरकारने कामगारांची भरपाई जपानी कंपन्यांऐवजी कोरियातल्या एका प्रतिष्ठानामार्फत देण्याचे जाहीर केले. दहा दिवसांनी ते टोकियोत किशिदांना भेटले, जपानने तिन्ही रसायनांवरचे बंधन उठवायचे ठरवले, कोरियाने जागतिक व्यापार संघटनेतला खटला मागे घेतला, आणि दोन्ही देशांच्या उद्योग महासंघांनी संयुक्त निधी जाहीर केला. मधल्या काळात म्हणजे ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तर कोरियाचे क्षेपणास्त्र जपानवरून गेले होते, आणि चिपवरून अमेरिका-चीन संघर्ष तापला होता. वास्तववादी म्हणेल, धोका वाढला म्हणून जवळ आले. उदारमतवादी म्हणेल, सोलमध्ये सत्तांतर झाले म्हणून. दोन्ही कारणे एकाच वेळी घडल्यामुळे 2023 चा पुरावा दोघांतला फरक दाखवू शकत नाही. ही अडचण निबंधात उघड मांडणाऱ्या विद्यार्थ्याला मी जास्त गुण देईन.

फरक दाखवणारी घटना नंतर घडली. 2023 मध्ये विरोधी पक्षनेते असताना ली जे-म्यंग यांनी यून यांच्या तोडग्याला कडाडून विरोध केला होता. जून 2025 मध्ये ते स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. देशांतर्गत हितसंबंधांचा धागा म्हणतो, आता धोरण उलटायला हवे. पण ऑगस्टमध्ये ते टोकियोला गेले आणि आधीच्या सरकारने केलेले समझोते मोडणार नाही, असे त्यांनी सांगितले. तोवर ट्रम्प यांचे आयातशुल्क दोन्ही देशांवर आले होते. पक्ष बदलला, धोरण टिकले. इथे गुण वास्तववादाकडे जातात असे मला दिसते. मात्र ज्या कामगारांनी आणि वारसांनी प्रतिष्ठानाचे पैसे सुरुवातीला नाकारले, त्यांचा हक्क कोरियन न्यायालयांनी 2023 च्या तोडग्यानंतरच्या निकालांतही मान्य केला आहे. सरकारांनी मिटवलेला वाद न्यायालये पुन्हा उघडू शकतात. 2018 मध्ये तसेच झाले होते, आणि या विषयावर यंदा लिहिणाऱ्याने आपले भाकीत त्याच ठिकाणी लावून पाहावे.